वायर कटचा ऑफसेट : ४०.००९ × २५.००९ मिमी पॉकेटच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार. वेर्णा औद्योगिक वसाहत

औषधाच्या बाटलीच्या झाकणाच्या साच्यासाठी ३० मिमी जाडीच्या, पाणी दिलेल्या कॅव्हिटी प्लेटमध्ये आरपार आयताकृती पॉकेट वायर कट मशीनवर, म्हणजे ताणलेल्या तारेतून उडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी, कापावयाचे आहे. त्यात बसणारा इन्सर्ट ग्राइंडिंग विभागातून तयार होऊन आलेला असून त्याचे माप ४०.००० × २५.००० मिमी, एका मायक्रॉनच्या आत, भरते. इन्सर्ट हाताच्या दाबाने सरकत बसावा आणि तरीही फटीत प्लास्टिक शिरू नये, यासाठी आम्ही दोन्ही बाजू मिळून ६ ते १२ मायक्रॉन मोकळीक ठरवली आहे. म्हणजे पॉकेट ४०.००६ ते ४०.०१२ आणि २५.००६ ते २५.०१२ या मर्यादेत यावयास हवे, आणि मी लक्ष्य मधले, म्हणजे ४०.००९ × २५.००९ धरले आहे.

पॉकेटच्या कोपऱ्यांना २ मिमी त्रिज्या आहे आणि इन्सर्टच्या कोपऱ्यांना मुद्दाम २.३ मिमी ठेवली आहे. आतल्या कोपऱ्यात वायर बहुधा थोडे धातू मागे ठेवते, आणि त्या ठिकाणी इन्सर्ट अडकला तर सपाट भिंतींचे माप कितीही बरोबर आले तरी त्याचा उपयोग नसतो.

प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी एका गोष्टीवर चर्चा झाली. ड्रॉइंगचे माप ४० × २५ असल्यामुळे प्रोफाइल तेच ठेवावे आणि मोकळीक ऑफसेट साडेचार मायक्रॉनने कमी करून मिळवावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. माप त्या मार्गानेही मिळेल, परंतु मला ते पटले नाही. प्रोफाइल म्हणजे आपल्याला हवे असलेले पॉकेट आणि ऑफसेट म्हणजे मशीन, वायर व ठिणगी यांचे मिळून होणारे अंतर. ही दोन कामे एकाच आकड्यात मिसळली की महिन्याभराने तो आकडा पाहणाऱ्याला त्यातले मशीनचे किती आणि मोकळिकीचे किती हे कळत नाही. म्हणून प्रोफाइलच ४०.००९ × २५.००९ चे काढले.

वायर ०.२५ मिमी पितळी आहे. मशीनच्या तक्त्यानुसार एक रफ कट आणि दोन ट्रिम कट असून त्यांचे ऑफसेट अनुक्रमे ०.१९०, ०.१४२ आणि ०.१३२ मिमी आहेत. शेवटच्या आकड्याची फोड सोपी आहे : वायरची त्रिज्या ०.१२५ आणि एका बाजूची स्पार्क गॅप, म्हणजे वायर व भिंत यांच्यामधले ठिणगीचे अंतर, ०.००७. आधीच्या दोन आकड्यांत मात्र तिसरा घटक असतो, तो म्हणजे पुढच्या कटसाठी मागे ठेवलेले धातू. रफ कटच्या ०.१९० मध्ये त्रिज्या ०.१२५, गॅप ०.०३० आणि शिल्लक ०.०३५ आहे, पहिल्या ट्रिमच्या ०.१४२ मध्ये त्रिज्या तीच, गॅप ०.०११ आणि शिल्लक ०.००६ आहे. प्रत्येक कटची ऊर्जा कमी होत जाते, म्हणून गॅपही कमी होत जाते. पॉकेटमध्ये वायर प्रोफाइलच्या आतल्या अंगाने चालते, त्यामुळे शेवटच्या कटमध्ये वायरच्या केंद्राचा मार्ग ४०.००९ − २ × ०.१३२ = ३९.७४५ मिमी लांब आणि त्याच हिशेबाने २४.७४५ मिमी रुंद असेल.

प्रोग्रॅमची सुरुवात अशी आहे. स्टार्ट होल पॉकेटच्या मध्यावर आहे आणि वायर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून आतली बाजू तिच्या डावीकडे राहते आणि `G41` लागू होतो :

```
G90 G92 X0 Y0
G41 D1 G01 X0 Y12.5045
G01 X-18.0045
G03 X-20.0045 Y10.5045 I0 J-2.0
```

उलट दिशेने जाणाऱ्या ट्रिम कटला `G42` लागेल. ऑफसेटचे आकडे प्रोग्रॅममध्ये न लिहिता `D1`, `D2`, `D3` या जागांमध्ये ठेवले आहेत, म्हणजे माप सुधारताना भूमितीला हात लावावा लागणार नाही.

८ जुलै, मंगळवार

तक्त्यातला आकडा घेऊन थेट प्लेट कापण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच पोलादाचा, तितक्याच कठीणपणाचा आणि तितक्याच ३० मिमी जाडीचा उरलेला तुकडा घेऊन त्यात १५.००० मिमीचा चौरस कापला. कोपरे २ मिमी त्रिज्येचेच ठेवले. जाडी तीच असणे येथे महत्त्वाचे आहे, कारण वरच्या आणि खालच्या गाइडमध्ये ताणलेली वायर कापताना किती झुकते, हे जाडीवर बरेच अवलंबून असते.

स्लिप गेजने, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांच्या संचाने, पाहता १४.९९२ चा संच गेला आणि १४.९९३ चा गेला नाही. दोन्ही दिशांना हेच उत्तर मिळाले. प्रोग्रॅमचे माप N, प्रत्यक्ष माप M आणि वापरलेला ऑफसेट e असेल, तर वायरची एका बाजूची खरी पोच e + (M − N) ÷ 2 इतकी असते. येथे ती ०.१३२ − ०.००४ = ०.१२८ येते. सरळ हिशेबाने `D3` मध्ये ०.१२८ टाकून पुढे जाता आले असते.

पण मी वायरची नवी रीळ मायक्रोमीटरने मोजली तेव्हा व्यास ०.२४९ आला, म्हणजे त्रिज्या ०.१२४५. ती वजा केल्यावर गॅप अवघी साडेतीन मायक्रॉन उरते, तक्त्यातल्या ७ च्या निम्मी. त्याच सेटिंगला, त्याच पाण्यात गॅप एकाएकी निम्मी होत नाही. तेव्हा हा आकडा गॅपचा नव्हे. त्यात आणखी काहीतरी दडलेले आहे, आणि ते काय हे पाहिल्याशिवाय ऑफसेट बदलणे योग्य वाटले नाही.

वायरचा व्यास अर्ध्या मायक्रॉनचा खुलासा करतो. बाकीच्या साडेतीन मायक्रॉनचा शोध घ्यावयाचा आहे.

१० जुलै, गुरुवार

स्लिप गेजचा संच आरपार जातो तेव्हा तो भोकातली सर्वांत अरुंद जागा सांगतो. ती जागा वर आहे, मध्ये आहे की खाली, हे सांगत नाही. म्हणून तोच चौरस दोन टोकांच्या बोअर गेजने तीन उंचींवर मोजला. वर १४.९९६, मध्यावर १४.९९२ आणि खाली १४.९९५ असे आले. भिंत मध्यावर आत फुगलेली आहे.

याचे कारण ट्रिम कटच्या स्वरूपात आहे. रफ कटमध्ये वायरच्या पुढे आणि दोन्ही अंगांना धातू असते. ट्रिममध्ये मात्र धातू एकाच अंगाला असते, आणि ठिणग्यांचा दाब वायरला भिंतीपासून दूर ढकलतो. गाइडजवळ ती फारशी हलत नाही, मध्यावर सर्वांत जास्त हलते, म्हणून मध्यावर धातू थोडे कमी निघते. वर व खाली प्रत्येक बाजूला सुमारे २ मायक्रॉन कमतरता आहे आणि मध्यावर ४. त्यांतील फरकाचे २ मायक्रॉन वायरच्या झुकण्याचे.

टोकांच्या उरलेल्या कमतरतेसाठी दुसरी चाचणी केली. काहीही न बदलता, त्याच ०.१३२ ऑफसेटने शेवटचा ट्रिम पुन्हा एकदा फिरवला. वर व खाली १४.९९८ आणि मध्यावर १४.९९५ झाले. वायर त्याच रेषेवरून गेली आणि तरीही माप वाढले, याचा अर्थ पहिल्या फेरीत तिने आपल्या वाट्याचे सर्व धातू काढलेले नव्हते. पहिल्या ट्रिमने तक्त्यात गृहीत धरलेल्या ६ मायक्रॉनपेक्षा काहीसे अधिक धातू मागे ठेवले असणार आणि मंद ऊर्जेच्या शेवटच्या कटला ते एका फेरीत पेलले नाही.

या चाचणीला वेळ थोडा लागतो आणि ती पुष्कळ सांगते, त्यामुळे नव्या सेटिंगला ती करावीच, असे माझे मत झाले आहे. पुन्हा फिरवूनही माप हलले नाही तर ऑफसेटचा आकडा विश्वासाने सुधारावा; माप हलले तर दोष आधीच्या कटने ठेवलेल्या शिल्लकीत शोधावा.

दुपारी ट्रिममधील वायरचा ताण १२ न्यूटनवरून १४ न्यूटन केला आणि शेजारी नवा चौरस कापला. वर व खाली १४.९९७, मध्यावर १४.९९५. फुगवटा एका बाजूला २ वरून १ मायक्रॉनवर आला. ताण याहून वाढवला तर रफ कटमध्ये वायर तुटण्याचा धोका असतो. आपण तो फक्त ट्रिमला वाढवला आहे, तरीही मी येथेच थांबलो, कारण आपल्या सहा मायक्रॉनच्या पट्ट्यात दोन मायक्रॉनचा फुगवटा मावतो.

११ जुलै, शुक्रवार

सकाळी पावसाच्या जोरदार सरीत वीज लुकलुकली आणि मशीन बंद पडले. पुन्हा सुरू केल्यावर पाण्याची कंडक्टिव्हिटी १८ मायक्रोसीमेन्सवर दिसली. मंगळवारी ती १० होती. पाणी अधिक वाहक झाले की गॅपही पूर्वीसारखी राहत नाही, आणि चाचणी एका पाण्यात व प्लेट दुसऱ्या पाण्यात कापली तर चाचणीला अर्थ उरत नाही. आकडा पुन्हा १० वर येईपर्यंत काम थांबवले. पोलादाचा तुकडा या काळात टाकीत पडू दिला नाही; आपल्या दमट हवेत तो बाहेरही गंजतो, म्हणून तेल लावून ठेवला.

त्यानंतर ज्या प्रश्नासाठी ही नोंद खरे म्हणजे लिहीत आहे, तो हाती घेतला. टोके १४.९९७ आणि मध्य १४.९९५, म्हणजे पट्ट्याचा मध्य १४.९९६, तो १५.००० वर आणावयाचा आहे. कमतरता एकूण ४ मायक्रॉन, एका बाजूला २. पॉकेट मोठे करावयाचे म्हणजे वायर भिंतीकडे सरकवावयाची, म्हणून ऑफसेट २ मायक्रॉनने कमी करावयाचा. (बाहेरून कापल्या जाणाऱ्या पंचाला हेच उलट पडते : तेथे ऑफसेट कमी केला की पंच लहान होतो. दोन्ही कामे एकाच दिवशी असतील तेव्हा ही खूण कागदावर लिहून मशीनला चिकटवलेली बरी.) प्रश्न एवढाच की २ मायक्रॉन कोणत्या आकड्यातून कमी करावयाचे.

अनेक ठिकाणी फक्त शेवटचा ऑफसेट बदलतात, कारण अंतिम माप त्याच कटने ठरते असे वाटते. ते करून पाहिले. `D1` व `D2` तसेच ठेवून `D3` ०.१३० केला आणि चौरस कापला. अपेक्षा ४ मायक्रॉन वाढीची होती. प्रत्यक्षात टोके १४.९९९ व मध्य १४.९९७ झाला, म्हणजे वाढ २ मायक्रॉनचीच. गुरुवारच्या चाचणीनंतर याचे आश्चर्य वाटले नाही. पहिल्या ट्रिमने भिंत होती तेथेच सोडली आणि शेवटच्या कटची रेषा २ मायक्रॉन भिंतीच्या दिशेने ढकलली, त्यामुळे आधीच जड असलेल्या कटवर आणखी ओझे पडले. वायर अधिक झुकली आणि अर्धेच धातू निघाले. आणखी दोन मायक्रॉन कमी केले असते तर कदाचित एक मिळाला असता. असे पाठलाग करत गेलेला ऑफसेट शेवटी वायरच्या त्रिज्येच्याही खाली उतरलेला मी पाहिला आहे. मार्ग त्रिज्येपेक्षाही जवळ गेला आणि वायर तरीही भिंतीला टेकली नाही, तर ती झुकून चाललेली आहे हे उघड आहे.

मग तिन्ही आकडे एकत्र सरकवले :

```
D1 = 0.188
D2 = 0.140
D3 = 0.130
```

यामुळे प्रत्येक कटला मिळणारी शिल्लक पूर्वीइतकीच राहते, ओझे बदलत नाही, वायरचे झुकणेही बदलत नाही. फक्त सगळी साखळी भिंतीच्या दिशेने २ मायक्रॉन सरकते. माप टोकांना १५.००१ आणि मध्यावर १४.९९९ आले, म्हणजे बदल ठरल्याप्रमाणे चारही मायक्रॉनचा झाला. शेवटच्या कटच्या वाट्याला जाणारे जादा धातू कमी करण्यासाठी `D2` आणखी एक-दोन मायक्रॉनने उतरवता आला असता, परंतु माप पट्ट्यात बसत असताना दुसरी गोष्ट हलवण्याचे कारण नव्हते.

१४ जुलै, सोमवार

कंडक्टिव्हिटी १०. रीळ तीच. प्लेट बांधली, डायलने सरळ केली आणि रफ कट चालवला. मधला तुकडा पाव किलोच्या आसपास वजनाचा असतो, तो सुटताना खालच्या गाइडवर पडू नये म्हणून शेवटचे २ मिमी राखून प्रोग्रॅम थांबवला, लोहचुंबकाने तुकडा धरला आणि मग उरलेले कापले.

तुकडा काढल्यावर ट्रिम लगेच सुरू केले नाहीत. पाणी उतरवून रफ पॉकेट मशीनवरच मोजले. शिल्लक दोन्ही बाजूंना ३५ मायक्रॉन धरता ३९.९३९ × २४.९३९ अपेक्षित होते. लांबीकडे ३९.९३६ आले, ते ठीक. रुंदीकडे मात्र कोपऱ्यांजवळ २४.९३७ आणि लांब भिंतींच्या मध्यावर २४.९३० भरले. मधले पोलाद निघून गेल्यावर आतला ताण मोकळा झाला आणि लांब भिंती आत आल्या. चाचणीच्या छोट्या चौरसात हे दिसणे शक्य नव्हते. तेथे भिंत आखूड होती आणि सभोवती पोलाद भरपूर होते. ट्रिम कट हे सरळ करतील, परंतु शुक्रवारच्या अनुभवावरून ते पूर्णपणे करणार नाहीत हेही कळत होते, कारण भिंतीच्या मध्यावर त्यांना एका बाजूला चार-साडेचार मायक्रॉन जास्त काढावे लागणार होते.

दोन्ही ट्रिम झाल्यावर प्लेट न सोडता मोजमाप केले. एकदा सोडलेली प्लेट पुन्हा त्याच मायक्रॉनवर बांधता येत नाही, त्यामुळे निर्णय व्हायचा तो प्लेट बांधलेली असतानाच. टाकीतून निघालेली प्लेट २३ अंशांवर होती आणि स्लिप गेज मोजमाप खोलीत २० अंशांवर. पोलाद दर मीटरला दर अंशास साडेअकरा मायक्रॉन फुगते. ४० मिमीवर तीन अंशांचा फरक जवळजवळ दीड मायक्रॉन होतो आणि आपल्या सहा मायक्रॉनच्या पट्ट्यात तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून गेज अर्धा तास प्लेटवरच ठेवले आणि बोअर गेज त्यांच्यावरून शून्य केला. दोन्ही एकाच पोलादी जातीचे आणि एकाच तापमानाचे असले की फरक आपोआप पुसला जातो.

लांबीकडे टोके ४०.०१०, मध्य ४०.००८. रुंदीकडे कोपऱ्यांजवळ २५.००९, लांब भिंतींच्या मध्यावर २५.००६. वायर ज्या ठिकाणी भिंतीला आत शिरते ती जागा, म्हणजे `X0`, मोजमापातून वगळली, कारण तेथे एक बारीक उभी रेघ राहते आणि गेजचे टोक तिच्यावर बसले तर भोक उगाच लहान दिसते.

२५.००६ म्हणजे पट्ट्याच्या आत, पण कडेवर. `D3` कमी करून सर्व बाजूंनी पुन्हा कट दिला असता तर लांबीकडचे बरोबर आलेले माप बिघडले असते. ऑफसेट न बदलता, फक्त दोन लांब भिंतींवरून `D3` = 0.130 नेच शेवटची फेरी पुन्हा दिली. भिंतीच्या मध्यावर जादा धातू राहिले होते ते निघाले आणि माप २५.००८ झाले, कोपऱ्यांजवळ जेमतेम अर्धा मायक्रॉन हलला. जेथे शिल्लक होती तेथेच धातू गेले, आणि ऑफसेटचा आकडा योग्य असल्याची यातून खातरीही झाली.

१६ जुलै, बुधवार

प्लेट सोडून, धुऊन, तेल पुसून इन्सर्ट बसवून पाहिला. ग्राइंडिंग विभागातील आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो अंगठ्याने दाबत खाली नेला आणि मध्यावर क्षणभर थांबून "इथे जरा धरतो आहे" असे म्हणाले. निळा रंग लावून पाहता खूण लांब भिंतींच्या मध्यावर, जाडीच्याही मध्यावर आली. फुगवटा जेथे मोजला होता ती हीच जागा. कोपऱ्यांवर निळा कोठेही उतरला नाही. इन्सर्ट त्यापुढे सरकत गेला आणि तळाला पूर्ण बसला. पॉकेट स्वीकारले.

या सेटिंगची पानावर नोंद करताना ०.१८८, ०.१४०, ०.१३० या आकड्यांशेजारी वायरचा मोजलेला व्यास ०.२४९, जाडी ३० मिमी, ट्रिमचा ताण १४ न्यूटन आणि कंडक्टिव्हिटी १० हेही लिहिले आहे. रीळ बदलली आणि व्यास ०.२५१ भरला, तर तिन्ही ऑफसेट एकेका मायक्रॉनने वाढवून आधी चौरस कापावा, असेही खाली नमूद केले. साच्याची कोअर प्लेट ४५ मिमी जाडीची आहे. तिच्यासाठी हे पान न वापरता त्याच जाडीच्या तुकड्यात १५ मिमीचा चौरस उद्या कापावयाचा आहे, आणि तिचे स्टार्ट होल आज दुपारी पाडून ठेवले.